धाकट्यांच्या भिंतीवरची सावली

साताऱ्याहून सांगलीला मी ड्राफ्ट्समन म्हणून आले, तेव्हा गणपती पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मला ड्राफ्ट्सवुमन म्हणावं असं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. साहेब आर्किटेक्ट होते. दुपारी खुर्चीत डोळे मिटून ते इमारतींचा विचार करत, आणि विचार फार खोल गेला की घोरत.

कुंडलकडच्या एका गावाला हायस्कूल बांधायचं होतं. मधे जिना आणि हॉल, दोन्ही बाजूंना वर्गांचा एकेक दुमजली भाग. डाव्या भागासाठी देणगी थोरल्यांची, उजव्यासाठी धाकट्यांची. हे दोघे चुलतभाऊ. ऊस दोघांचाही चांगला, पण एकमेकांशी बोलणं बंद. बोलायचं झालं तर कमिटीचे अध्यक्ष सुभेदार मधे बसत. ते फौजेतून निवृत्त होऊन आले होते आणि म्हणत, "सरहद्दीवर याच्यापेक्षा बरं हुतं."

साहेबांनी पुण्याच्या एका चित्रकाराकडून इमारतीचं पर्स्पेक्टिव्ह करून आणलं होतं. डाव्या कोपऱ्यावर उभं राहून पाहिल्यासारखं, झोकदार. धाकट्यांनी ते बघितलं आणि बोट ठेवलं.

"आवं साहेब, थोरल्यांची बाजू येवढी दांडगी आणि माझी अशी मुरगाळल्यागत का काढलीया?"

"ती लांब आहे, म्हणून लहान दिसते."

"माझी देणगी काय लांबनं आलीया व्हय?"

उजव्या कोपऱ्यावरून चित्र काढलं असतं, तर थोरले उठून गेले असते. ठराव झाला की चित्र समोरूनच हवं, दोन्ही बाजू पट्टी लावून सारख्या. समोरून काढलेलं एलेव्हेशन माझ्या बोर्डावर तयारच होतं. मी त्यात पोस्टर कलर भरले होते: भिंती साईच्या रंगाच्या, छज्जे विटकरी, आकाश निळं. सुभेदारांनी ते हातात धरून लांब केलं, जवळ आणलं.

"लय ब्येस. पण हे बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र वाटतंय रं. शाळा कुठाय ह्यात?"

कमिटी गेल्यावर साहेब मला म्हणाले, "त्यात जरा सावल्या घाला." चहात जरा साखर घाला, तसं.

सावल्यांची रीत मला शिकवलेली होती. ऊन डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशांत येतं असं धरायचं. मग सगळं सोपं होतं: जी वस्तू भिंतीच्या जितकी पुढे, तितकीच तिची सावली खाली आणि तितकीच उजवीकडे सरकते. छज्जा दोन फूट पुढे, तर भिंतीवर दोन फुटांची सावली. खिडकी नऊ इंच आत, तर वरच्या आणि डाव्या कडेला आतून नऊ इंचांची पट्टी. पुढे-मागेपण प्लॅनवर मोजायचं, सेट-स्क्वेअर लावायचा आणि रेघ मारायची. इमारत जागची हलत नाही, बघणारा हलत नाही.

हे पाठ होतं. केलं कधीच नव्हतं.

मी पाण्यात शाई पातळ करून कुंचल्यानं छज्ज्याखाली फिरवली. खालचा पोस्टर कलर सुटून वर आला आणि भिंतीचं पिठलं झालं. नशीब, तो कोपरा टाकाऊ कागदावर करून बघत होते. मग ठरवलं, पाण्याचा हात लावायचाच नाही. ट्रेसिंग पेपरमधून सावलीचा आकार कापून काढायचा, बाकीचं चित्र झाकून टाकायचं आणि टूथब्रशवरून अंगठा ओढत शाईचा बारीक फवारा मारायचा. पहिल्यांदा काळी शाई मारली, तर छज्ज्याखाली जणू चुली पेटवल्या होत्या. काळ्यात निळा मिसळला, तेव्हा कुठे तिच्याखालून साईचा रंग साईचाच दिसायला लागला. जमिनीवरचा उजेड भिंतीवर उलटून येतो, म्हणून खाली फवारा विरळ केला.

खरी गंमत मधल्या भागाची होती. तो दोन्ही बाजूंच्या सहा फूट पुढे, म्हणून त्याची सहा फुटांची उभी सावली उजव्या भिंतीवर. पण ती सरळ पट्टी नव्हे. वाटेत छज्जा आला की तो दोन फूट पुढे असल्यानं तिथं सावली चारच फूट, आणि खिडकीत पुन्हा नऊ इंच वाढलेली. ती मोडलेली कड कापताना माझी तीन ब्लेडं गेली. मी आत्याकडे राहायचे, ती विचारायची, "अगं, ऑफिसात भांडी घासतेस का?" अंगठाच तसा झाला होता.

चौथ्या दिवशी शेवटचा ट्रेसिंग पेपर उचलला आणि मी स्टुलावर बसले. मधला भाग कागदातून बाहेर आला होता. त्याची एक रेघही मी हलवली नव्हती.

कमिटी आली. सगळे चित्रावर वाकले. मग धाकटे.

"माझ्या भिंतीवर ह्यो अंधार कशाचा?"

"मधल्या भागाची सावली आहे, काका."

"थोरल्यांच्या बाजूला लख्ख ऊन आणि मी अंधारात?"

थोरले छताकडं बघून हसले. सुभेदारांनी विचारलं, "पोरी, ऊन तिकडनंच यायला पायजे असं कुठं लिवलंय?"

"शाळेचं तोंड पूर्वेला आहे. आपण समोर उभे राहिलो की दक्षिण डाव्या हाताला. दिवाळीनंतर सकाळी सूर्य तिकडूनच येतो."

सुभेदारांनी डोळे मिटून हातानं दिशा धरल्या. "बराबर हाय."

"सूर्याचं मला सांगू नगा," धाकटे म्हणाले. "ती सावली काढा."

साहेब म्हणाले, "काढा हो." मला रागच आला. मी भिंतीच्या रंगाचा एक कागद त्या सावलीच्या मापाचा कापला आणि चित्रावर ठेवला. मधला भाग धपकन मागे गेला. पुन्हा बिस्किटाचा पुडा. कागद उचलला, तो पुढे आला.

"पुन्यांदा ठेव," धाकटे म्हणाले.

ठेवला. उचलला. असं चार वेळा. त्यांच्या तोंडात सुपारी होती, ती चघळायची थांबली.

"सावली हाय तवा माझी भिंत दिसतीया," ते हळूच म्हणाले. "थोरल्यांची नुसती पाटी वाटतीया."

"व्हय," सुभेदार म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या मग."

आता थोरल्यांचं हसू गेलं. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते सुभेदारांना वगळून थेट बोलले, पण माझ्याशी.

"आन् माझ्या बाजूला सावली का न्हाई?"

मी सांगून पाहिलं की छज्ज्यांच्या आहेत, खिडक्यांच्या आहेत. नाही. मोठी पाहिजे. धाकट्यांच्या येवढी. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू सूर्य मीच नेमला होता. मला एकच सुचलं.

"जागेवर डाव्या अंगाला, पुढच्या बाजूला काही आहे का?"

"चिच्चंचं झाड हाय," सुभेदार म्हणाले. "पन ते तोडणार हुतो."

"नका तोडू. त्याची सावली भिंतीवर येईल."

थोरल्यांनी विचारलं, "किती फूट?"

दोन दिवस मी झाडाच्या सावलीला भोकं पाडत होते. पानांतून ऊन झिरपतं, तिथं कागदाचे बारके तुकडे टाकून फवारा अडवला. छज्ज्यावर तीही सावली मोडून घेतली. चित्र काचेत बसवून गावी गेलं आणि चावडीत लागलं. चिंचेवरची कुऱ्हाड टळली, पुढच्या वर्षी पाया खणला गेला.

साहेबांनी चित्राच्या कोपऱ्यात ऑफिसचं नाव घातलं. माझं घाला, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्यांनी माधवनगरच्या एका गोदामाचं एलेव्हेशन पुढे ठेवलं. सपाट भिंत, वीस शटरं, छज्जा एकसुद्धा नाही. म्हणाले, "ह्यात पण जरा घाला."