दहा पानांची किनार

नांदुऱ्यात माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या, म्हणजे ताईंच्या, लोकरीने विणलेल्या पानांच्या किनारीला तोड नव्हती. ती त्यांनी स्वतः बसवली होती. नजर अधू झाली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “माझी पानं माझ्यासंगच जातीन वाटते.” त्यांच्या सुनेला विणता येतं, पण समोर लिहिलेलं लागतं. आणि ताईंनी लिहिलेला कागद म्हणजे चार ओळींची कोडी. पहिली अशी: “२सु, *२उ, लो, १सु, लो, २उ* ९, २सु.”

मी गणिताची मास्तरीण. म्हटलं, आणा इकडे, मी ओळ न् ओळ सुटी करून देते.

सु म्हणजे सुलट, उ म्हणजे उलट, लो म्हणजे सुईवर लोकर घेऊन वाढवलेला टाका. फुल्यांमधलं किती वेळा करायचं ते नऊ. पण सुईवर टाके चोपन्न. कडांचे चार वजा केले, उरलेल्या पन्नासला पाचाने भागलं, तर दहा आले. म्हणजे ताईंचा नऊ हा “आणखी नऊ वेळा” होता! परतीच्या ओळी, समोर दिसेल तशा विणायच्या म्हणून, त्यांनी लिहिल्याच नव्हत्या. चाराच्या आठ ओळी झाल्या. माझी कॉलर ताठ.

तेवढ्यावर थांबले असते तर! दर ओळीला बेरीज चोपन्न येईना, म्हणून ताईच चुकल्या असं ठरवून मी वाढवणारे “लो” आणि पुढच्या ओळींतले, टाके कमी करणारे “दोन एकत्र” बिनदिक्कत खोडले. सुनेने तसंच विणलं. ताईंनी पट्टीवरून बोट फिरवलं.

“पान कुठं हाय वो? हे तर सपाट हाय.”

मी माझी बेरीज ऐकवली.

“पान फुगते, मंग बारीक होते. टाके वाढतीनच ना! तू त्याले कापून कायले टाकलं?”

पस्तीस वर्षं मी वर्गाला गणित शिकवलं होतं. लाज वाटली, पण त्याहून जास्त अभिमान वाटला, की शाळेत चौथीपलीकडे न गेलेल्या या बाईने चोपन्नाचे चौऱ्याण्णव करून पुन्हा चोपन्नावर आणायचं गणित हाताने मांडलं होतं.

सगळं पुन्हा लिहिलं. एक ते आठ आकडे, प्रत्येक ओळ अखंड, “दहा वेळा” अक्षरी, आणि सरळ बाजूच्या प्रत्येक ओळीशेवटी टाके: पहिलीला ७४, तिसरीला ९४, पाचवीला ७४, सातवीला ५४.

चौथ्या दिवशी सुनेने किनार सासूच्या मांडीवर ठेवली. ताईंनी एकेक पान चाचपलं. दहा भरली. मग मान वर न करता मला म्हणाल्या, “त्या कागदाखाली माझं नाव लिह्य. मोठ्या अक्षरात.”

मी कागद घेतला आणि लिहिलं.