मिलच्या तबकातला विडा

चांदीचं तबक, त्यावर ओलं लाल फडकं, फडक्याखाली लवंग टोचलेले विडे. वस्तू पाहायला किती सुंदर. पण शेजारच्या काकांनी तिचं वर्णन केलं तेव्हा मला ते तबक सापाच्या टोपलीसारखं दिसू लागलं होतं आणि आजही दिसतं.

काका आमच्या उज्जैनच्याच एका कापड मिलमध्ये हजेरी खात्यात जन्म काढून घरी बसले होते. त्या मिलच्या रंगाई खात्यात मला असिस्टंटची जागा देऊ केल्याचं पत्र आलं, तेव्हा पेढ्यांच्या आधी मी ते पत्र काकांना दाखवलं. घरात गणपती बसलेले होते. रुजू व्हायचं घटस्थापनेला, पण होकार कळवायचा अनंत चतुर्दशीच्या आत. आणि माझ्या खिशात आणखी दोन बोलावणी होती. एक मुंबईच्या रंग बनवणाऱ्या कंपनीचं, त्यांचे साहेब इंदूरला उतरून मुलाखती घेणार होते. दुसरं मध्यभारत सरकारच्या उद्योग खात्याचं. सरकार तेव्हा स्वतःच जायला निघालं होतं, नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, अशी हवा होती. तरी सरकारी बोलावणं ते सरकारी बोलावणं.

माझं मन मुंबईच्या कंपनीवर होतं. गावोगाव हिंडायचं, रंगारी लोकांना रंग दाखवायचे, बोलायचं. बोलण्याचे पैसे देणारी नोकरी मला दुसरी कोण देणार? पण हातची मिल सोडली आणि मुंबईवाल्यांनी नाही म्हटलं, तर मी राम घाटावर यात्रेकरूंचे जोडे सांभाळायला मोकळा. म्हणून मिलकडे मुदत मागायची असं मी ठरवलं.

काकांनी पत्र परत दिलं आणि आवाज उतरवला.

"माग मुदत. मागणाऱ्याला तो मॅनेजर नाही म्हणत नाही. फक्त हसतो आणि तबक पुढे करतो. त्यातला विडा उचललास की संपलं. तिथे विडा उचलला म्हणजे होकार. कागद मागून येतो."

"आणि नाही उचलला तर?"

"तर तू त्याचा अपमान केलास."

काकांनी मग एका वीव्हिंग मास्तरची गोष्ट सांगितली. तो मुदत मागायला गेला, विडा खाऊन, हात पुसून घरी आला. संध्याकाळी त्याचं नाव हजेरीपटावर चढलेलं. काकांनीच चढवलं होतं. तो पुढे त्याच मिलमध्ये म्हातारा झाला. "चेहऱ्यावर सदा असं, की कुणाची तरी वाट बघतोय," काका म्हणाले, आणि मला विचारलं, "परवा काय आहे?"

परवा एकादशी होती. उपासाला विडा चालत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून जे हसलो, ते हसू चांगल्या घरात शोभणारं नव्हतं.

एकादशीला मी कपाळाला गंध लावून मिलवर गेलो. गंध जरा जाडच लावलं होतं. मॅनेजरसाहेब गोरे, मऊ आवाजाचे, पापणी न हलवता बघणारे. मी आधी आभार मानले, मग खरं ते सांगितलं: दोन मुलाखती बाकी आहेत, त्यांतली एक उद्याच आहे, सर्वपित्री अमावस्येपर्यंत वेळ मिळाला तर मी पक्कं उत्तर देईन. रुजू व्हायचा दिवस घटस्थापनेचाच राहील. मधल्या पंधरवड्यात तसंही कोणी नवं काम सुरू करत नाही, त्यामुळे मिलचं नुकसान नाही.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ते ऐकणंच मला आवडलं नाही. कसाई बकऱ्याचं बोलणं असंच ऐकत असेल.

मग त्यांनी विचारलं, अमावस्येला तुम्ही ना म्हणालात तर मी आणतो कुठून माणूस? दुसऱ्या नंबरचा उमेदवार तोवर थांबेल का? प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, त्यालाही कळवून ठेवावं, माझी हरकत नाही. ते हसले. काकांनी सांगितलं होतं तसंच हसले.

"ठीक है, भैया. अमावस तक." आणि त्यांनी तबक पुढे सरकवलं.

मी मुदत लेखी मागितली. ते म्हणाले, आमच्याकडे ज़बान चलती है. तबक आणखी पुढे आलं. मी हात जोडले आणि आज एकादशी असल्याचं सांगितलं. त्यांची नजर माझ्या गंधावर गेली आणि तिथेच बराच वेळ राहिली.

"अच्छा. तो फिर कल."

एवढंच म्हणाले. उन्हात बाहेर आलो तरी पाठ गार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी इंदूरला गेलो. मुंबईचे साहेब हॉटेलच्या खोलीत पंख्याखाली बसून मुलाखत घेत होते. मुलाखत रंगली, रंगांचीच होती म्हणा. शेवटी मी स्वच्छ सांगितलं की एका मिलची जागा हातात आहे, तिथे अमावस्येला उत्तर द्यायचं आहे, तर आपला निर्णय त्याआधी कळेल का. साहेबांनी तारीख टिपून घेतली आणि म्हणाले, सांगितलंत ते बरं केलंत, त्याआधी लिहितो. मी हवेत चालत घरी आलो.

दार वडिलांनी उघडलं. माझे वडील मध्यभारत सरकारच्या कचेरीत हेडक्लार्क. आयुष्यात कधी विडा खाल्ला नाही, सुपारीसुद्धा नाही. ते दारात उभे होते आणि त्यांचे ओठ लालभडक होते.

मी ओठांकडे बघत राहिलो. त्यांनी ओठ पुसले नाहीत.

"मॅनेजरसाहेबांना धन्यवाद द्यायला गेलो होतो," ते म्हणाले. "मुलाला मुदत देतात म्हणजे भला माणूस. जायला हवं."

आपल्या लोकांची ही रीतच. मुलाला कुणी शाळेत घेतलं, नोकरीत घेतलं, रांगेत पुढे घेतलं, की बाप धोतर बदलून आभार मानायला निघाला. मी विचारलं, काकांनी तुम्हाला तबकाचं सांगितलं नव्हतं का?

"सांगितलं होतं."

आत गणपतीपुढे समई जळत होती. वडील तिच्याकडे तोंड करून बोलू लागले. त्यांची कचेरी भोपाळला हलणार हे नक्की झालं होतं. त्यांना जावं लागेल. मी मुंबईवाल्यांच्या पेट्या घेऊन गावोगाव फिरणार, मग घरात आई एकटी. "त्यांनी तबक पुढे केलं. मला वाटलं, आपल्या घरात एकाचं तरी काही ठरू दे."

मी भांडणार होतो. लाल ओठांच्या बापाशी भांडता आलं नाही. इतकंच म्हणालो की उद्या माझ्याबरोबर मिलवर या.

दुसऱ्या दिवशी हजेरी खात्यात माझं नाव चढलेलं होतं. काकांच्या जागेवरच्या कारकुनाने माझं अभिनंदन केलं. मॅनेजरसाहेबांनी आम्हाला बसवलं. मी म्हणालो, माझी मुदत अमावस्येपर्यंत आहे, मी अजून होकार दिलेला नाही. ते माझ्याशी बोललेच नाहीत. वडिलांकडे वळले.

"बाबूजी, आपने तबक से उठाया था?"

खोलीत फक्त मिलची घरघर. मला ठाऊक होतं, वडिलांनी 'हो, मुलाच्या वतीने' असं म्हटलं की माझा वीव्हिंग मास्तर झाला. आणि वडिलांना तेच हवं होतं, भोपाळला जाताना मागे दाराला कडी कोण लावणार याचं उत्तर हवं होतं.

वडील उभे राहिले. टोपी नीट केली.

"उठाया था, साहब. बीड़ा मैंने उठाया, तो काम मुझे दीजिए. आज से रंग के हौद में हाथ डालने को तैयार हूँ. लड़का अपना जवाब अमावस को खुद देगा."

हेडक्लार्क माणूस, शर्टाच्या बाह्या वर करू लागला. मी नाटकं पुष्कळ केली, पण तसा प्रवेश मला कधी जमला नाही.

मॅनेजरसाहेबांनी कारकुनाला बोलावलं. मग त्यांनी मिलच्या कागदावर चार ओळी लिहवून घेतल्या: उत्तराची मुदत सर्वपित्री अमावस्येला कचेरी बंद होईपर्यंत, त्यानंतर नकार समजला जाईल. दुसऱ्या उमेदवारालाही आजच थांबायला कळवतो, असं त्यांनी मला ऐकवलं. सही केली. आणि तबक उचलून टेबलाच्या खणात ठेवलं. खण बंद झाल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मग पितृपक्ष लागला. मुदत मागून मिळवलेले दिवस असे पितरांच्या हाती गेले. उद्योग खात्याचं कार्ड आलं: मुलाखती पुढे ढकलल्या, नवं राज्य झाल्यावर कळवू. एक दार गेलं. मुंबईचं काही नाही. पोस्टमन आमच्या घरावरून सायकल न थांबवता जाई. आजोबांच्या तिथीला वडील राम घाटावर तर्पण करून आले, गच्चीवर पान ठेवलं, तर कावळे समोरच्या कौलांवर बसून राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं. शेवटी वडील पानाशी वाकून काहीतरी पुटपुटले आणि कावळा उतरला. काय कबूल केलंत म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, तुला मोकळं सोडतो असं सांगितलं.

अमावस्या अगदी तोंडावर आली आणि मुंबईचं पत्र आलं. जागा, पगार, रुजू व्हायची तारीख, सगळं लिहिलेलं. आई म्हणाली, पंधरवडा संपू दे, मग होकार दे. मी म्हणालो, पंधरवडा संपला की मिलही संपते. आधी तार करून मुंबईला होकार कळवला, त्याची पावती खिशात घातली आणि मगच मिलवर जाऊन नकाराचं पत्र दिलं, मुदतीच्या एक दिवस आधी. मॅनेजरसाहेबांनी वाचलं, दुसऱ्या उमेदवाराला बोलवा म्हणून सांगितलं. मला पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्या जागी मीही विचारलं नसतं.

वडील भोपाळला गेले आणि आईलाही घेऊन गेले. घराला कुलूप लागलं. वडिलांना ज्याची भीती होती तेच झालं, फक्त आई एकटी राहिली नाही. ते पेन्शनीत परतले तोवर मी रंगांच्या पेट्या घेऊन निम्मा माळवा पालथा घातला होता.

एकदा भैरवगढच्या छपाईवाल्यांकडून परतताना टॉवर चौकात पानाच्या दुकानाशी मॅनेजरसाहेब भेटले. थकले होते, पापणी मात्र तशीच. त्यांनी मला ओळखलं, दोन विडे बांधायला सांगितले आणि एक माझ्यापुढे धरला.

"आज तो ग्यारस नहीं है?"

एकादशी नव्हती. मी घेतला, तोंडात घातला. लोक बघत होते, कोणी काही बोललं नाही, आकाश कोसळलं नाही. तरी घरी येईपर्यंत मी दोनदा मागे वळून पाहिलं.

दार वडिलांनी उघडलं. माझ्या ओठांकडे बघत ते दारातच उभे राहिले.

"आता कशाला हो म्हणून आलास?"

मी सांगितलं, कशालाच नाही. त्यांनी मान हलवली, पण वाटेतून बाजूला व्हायला त्यांना थोडा वेळ लागला.