पोटाखालचे पर

नाटकात असताना मी पुठ्ठ्याचे मुकुट घातलेले पुष्कळ राजे पाहिले आणि त्यांतल्या दोघांचं सोंग स्वतःही घेतलं. पण सोंग ओळखणारी नजर कशी असते, ते मला शिकवलं आमच्या नाट्यगृहामागे मासे विकणाऱ्या भिंगवालीनं. मासा हातात घेतला की नाकाशी नेऊन न्याहाळायची, म्हणून हे नाव. चाळीस वर्षांत तिच्या पाटीतून एकही खोटा मासा कुणाच्या घरी गेला नाही.

आता तिचे गुडघे गेले. लिलावाला सून जाते, तिथून फोनवर फोटो पाठवते आणि सासूबाई खाटेवर बसून हुकूम सोडतात. परवा सकाळी मी तिच्याकडे गेलो तेव्हा घरात परीक्षेचं वातावरण होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलनं पहिल्यांदाच ऑर्डर दिली होती: चाळीस पापलेटं, अख्खी, अकराच्या आत. तिथला आचारी जुन्या विक्रेत्याला फसवणुकीपायी हाकलून बसला होता. एक जरी मासा खोटा निघाला, तर ऑर्डरही जाणार आणि चाळीस वर्षांचं नावही.

फोन वाजला. फोटोत व्यापाऱ्यानं हातात धरलेला रुपेरी, चपटा, ताटासारखा मासा. फोन दोन्हीकडे स्पीकरवर होता.

"आई, घेऊ?"

"आधी त्या बाबाला अंगठा काढायला सांग. पोटावर बरोबर अंगठा ठेवून कुणी मासा धरतं का? आणि पर उभे कर, बर्फानं चिकटलेत."

दुसरा फोटो आला. भिंगवालीनं दोन बोटांनी तो मोठा केला आणि मला दाखवला. "बघा नटसम्राट, पोटाखाली हे दोन छोटे पर. मोठ्या पापलेटाला ते नसतातच. आणि पाठीच्या पराच्या मागे, शेपटीच्या अलीकडे, हा मांसाचा बारकासा बोंडा. तोही पापलेटाला नसतो. हा तळ्यात वाढवलेला रूपचंद."

"नाव तर नायकाचं आहे," मी म्हटलं.

"खायला वाईट नाही हो. स्वतःच्या नावानं विकला तर मीच घेईन." मग फोनमध्ये ओरडली, "सोड तो खोका!"

व्यापाऱ्याचा आवाज आला, "ताई, सासूबाईंना चष्मा बदलायला सांगा."

"भाऊ, तुम्ही खोका बदला," सून म्हणाली.

दहा मिनिटांनी दुसऱ्या व्यापाऱ्याच्या मालाचा फोटो आला. भिंगवालीनं लगेच फोटोतलं पोट मोठं केलं. गुळगुळीत. पर नाहीत. पाठीवरही बोंडा नाही. तिचा चेहरा फुलला. "घे गं, घे! सगळी घे!"

पलीकडून बर्फ उपसल्याचा आवाज आला.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं, आई. पण नाही घेत."

खाट करकरली. चाळीस वर्षांत तिला कुणी नाही म्हटलं नव्हतं. मी चहाचा कप हळूच खाली ठेवला.

"तुम्ही पोटच बघताय," सून सावकाश म्हणाली. "तोंड बघा. अगदी टोकाला आहे. पापलेटाचं नाक बोथट असतं आणि तोंड बारीक, किंचित खाली. शिवाय पाठीचा पर पुढून विळ्यासारखा वळत नाही, शेपटीचा खालचा फाटाही लांब नाही. पोटावर हात फिरवला तर दोन खुंट लागतात. पाठीवर बोंड्याच्या जागीही एक. रूपचंदच हा, ब्लेडनं तासलेला."

भिंगवालीनं फोटो सरकवून तोंडावर आणला. नाकाशी नेला.

"मेल्यानं माझ्यासाठीच कापले असतील," शेवटी ती पुटपुटली. "मी पर मोजते, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक." आणि एकदम हसत सुटली. इतकी, की मला तिची पाठ थोपटावी लागली. "अगं भवाने, हे तोंडाचं कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. मी रडत होते आणि तुम्ही मासा दाखवत होता."

सुनेनं सगळा बाजार पालथा घातला, तरी खरी पापलेटं सव्वीसच मिळाली. तीच घेऊन ती आचाऱ्यासमोर उभी राहिली आणि बाकीची खोटी होती म्हणून आणली नाहीत, असं सरळ सांगून टाकलं. त्यानं एकेकाचं पोट पाहिलं, तोंड पाहिलं, मग विचारलं, "उरलेली चौदा उद्या?"

दुपारी ती घरी आली तेव्हा हाताला बर्फातल्या मासळीचा वास होता. भिंगवालीनं तिला शेजारी बसवून घेतलं.

"उद्यापासून मला विचारू नकोस."

सून बावरली. "रागावलात?"

"छे गं! फोटो मात्र पाठवत जा. एवढे मासे बघायची सवय झालीय, नुसती भिंत बघून काय करू?"