वहिनींचे न रंगवलेले केस

माझ्या थोरल्या जावेचे केस हा आमच्या सासरच्या मंडळींचा अभिमानाचा विषय होता. पन्नाशी उलटली तरी काळेभोर, पाठीवर रुळणारे. मी त्यांना वहिनी म्हणते. पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटाच्या रस्त्याला लागलं की वरच्या अंगाला आमचं गाव, तिथे त्या भावोजींबरोबर शेती बघतात. मी महाडला असते. बाजारपेठेतल्या एका माडीवर माझं पार्लर आहे. आधी ते खाली होतं, पण सावित्री नदीचं पाणी एकदा आत येऊन आरशापर्यंत चढलं, तेव्हापासून वर नेलं.

धाकटी जाऊ पार्लर चालवते याचं वहिनींना कौतुक होतं, पण स्वतः खुर्चीत बसायच्या नाहीत. "तुझ्या त्या बाटल्या तुलाच लखलाभ. माझं शिकेकाई नि खोबरेल, बास!" हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले. घरात कोणाचे केस पिकले की वहिनी हळूच आपला आंबाडा सोडून पुन्हा बांधायच्या. काही बोलायची गरज नसायची.

त्यांच्या मुलीचं लग्न महाडच्याच एका घरात ठरलं. नवऱ्या मुलाची आई माझी जुनी गिऱ्हाईक. तिचे निम्म्याहून जास्त केस पांढरे, त्यामुळे ती पक्का काळा रंग लावून घेते. पक्का रंग केसाच्या आत शिरून बसतो, धुऊन जात नाही. पण केस वाढायचे थांबत नाहीत. थोड्याच दिवसांत भांगात पांढरी रेघ दिसायला लागते आणि बाई पुन्हा माझा जिना चढते.

साखरपुड्यात या विहीणबाईंनी वहिनींचे केस पाहिले आणि सरळ विचारलं, "कुठला रंग लावता हो?"

वहिनींनी मान ताठ केली. "रंग? या केसाला अजून रंगाचा वासपण नाय." आसपासच्या बायकांना ऐकू जाईल एवढा आवाज त्यांनी मुद्दाम ठेवला होता.

लग्नाला थोडे दिवस राहिले असताना एका दुपारी त्या एकट्याच पार्लरमध्ये आल्या. महाडला साड्या फॉल लावायला टाकायच्यात, असं घरी सांगून एसटीने आल्या होत्या. हातात साडीची पिशवी होती, पण ती त्यांनी उघडलीच नाही. खुर्चीत बसलेली एक मुलगी भुवया करून निघून जाईपर्यंत कॅलेंडर वाचत उभ्या राहिल्या. मग दार ओढून घेतलं, डोक्यावरचा पदर काढला आणि म्हणाल्या, "बघ."

मी पाहिलं. भांगाजवळ काही पांढरे केस आणि डाव्या कानशिलावर एक बारीकशी बट. एवढंच. बाकी डोकं अमावास्येसारखं.

"यात काय बघायचं? हे तर बोटांवर मोजता येतील," मी म्हटलं.

"तेच तर! सगळे पांढरे असते तर माणूस म्हणतो, वय झालं. हे चार केस म्हणजे नुसती चेष्टा. परवा आरशात दिसले तर आधी वाटलं, पिठाचा हात लागला. धुतलं, पण जातात कशाला!" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "उपटले असते, पण लोक म्हणतात एकाचे सात येतात."

"सात येत नाहीत. पण उपटू नका, मुळाला इजा होते नि तिथे टक्कल दिसेल."

"मग तुझा तो काळा रंग लाव. पण कोणाला कळता कामा नये. तुझ्या भावोजींनापण नाय. आणि ती विहीण..."

मला हसू येत होतं, पण त्या क्षणी हसले असते तर त्या पिशवी उचलून थेट एसटी स्टँडवर गेल्या असत्या. मी त्यांना समजावलं. चार केसांसाठी सगळ्या डोक्याला पक्का रंग लावला तर तुमच्या मूळच्या काळ्या केसांचाही रंग बदलणार आणि पुढे उन्हात ते लालसर दिसायला लागणार. शिवाय महिन्याभरात मुळाशी रेघ उमटणार, म्हणजे गुपित भांगातच लिहून ठेवल्यासारखं. त्यापेक्षा कच्चा रंग लावू. तो केसावर वरवरच बसतो, दर धुण्याला थोडा थोडा उतरत जातो. त्यात काळ्या केसाला फिका करणारं काही नाही, म्हणून काळे केस आहेत तसेच राहतात. पांढऱ्यांवर मात्र छटा चढते.

"कच्चा?" वहिनींना तो शब्दच आवडला नाही. "म्हणजे माल हलका?"

"हलका नाही हो. कच्चा म्हणजे हळूहळू जाणारा. जाताना रेघ सोडत नाही, फिकट होत होत जातो. आणि मी काळा लावणार नाही, गडद तपकिरी लावणार."

"माझे केस काळे नि रंग तपकिरी? अगो, चष्मा बदल."

"पांढरा केस पूर्ण झाकला जाणार नाही, वहिनी, बाकीच्यांत मिसळून जाईल. काळा लावला तर तेवढेच केस चिकटवल्यासारखे दिसतील. तपकिरी लावला तर उन्हाची चमक पडल्यासारखे वाटतील."

त्यांनी आरशात बघत ती बट बोटाने पुढे-मागे केली. मग म्हणाल्या, "लाव."

"आज नाही."

त्या दिवशी मी फक्त कानामागे रंगाचा एक ठिपका लावला, खाज किंवा पुरळ येतंय का ते कळायला. दोन दिवस ती जागा धुवायची नाही आणि काही झालं नाही तरच पुढे जायचं, असं सांगून त्यांना परत पाठवलं. रात्री त्यांचा फोन आला. भावोजींनी जेवताना तो ठिपका पाहिला होता.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, लग्न पोरीचं आणि तीट तू लावलीस काय? कोणाची दृष्ट लागतेय एवढी?" वहिनी फणकारल्या होत्या. "मी म्हटलं, तुमचीच. गप जेवा!"

पुरळ आलं नाही. ठरल्या दिवशी त्या पुन्हा आल्या, या वेळी म्हणे ब्लाऊज आणायला. पण डोकं तेलाने निथळत होतं.

"वहिनी, मी केस धुऊन या म्हटलं होतं."

"धुतलेच होते. मग रिकामं रिकामं वाटलं म्हणून जरा तेल लावलं."

तेलावर रंग धरत नाही. मी त्यांचं डोकं बेसिनवर घेऊन शाम्पूने दोनदा धुतलं. शाम्पूच्या वासाला त्या नाक मुरडत राहिल्या. केस टॉवेलने टिपून घेतले, कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन लावलं, कारण कातडीला डाग पडला की चोरी तिथेच सापडते. मग बारीक ब्रशने भांगातले पांढरे केस आणि कानशिलावरची बट तेवढी रंगवली. रंग मुरेपर्यंत त्या डोळे मिटून बसल्या होत्या, जणू दाढ काढायला आल्या आहेत. अर्ध्या तासाने पाणी स्वच्छ वाहीपर्यंत धुतलं, वाळवलं आणि आरसा हातात दिला.

त्यांनी खिडकीशी जाऊन भांग उजेडात धरला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"गेले कुठे?" त्या म्हणाल्या.

"तिथेच आहेत. ती बघा, जरा सोनेरी-तपकिरी दिसतेय ती बट."

"बरी दिसते गो," वहिनी म्हणाल्या आणि पहिल्यांदाच माझ्या पार्लरमध्ये मोकळ्या हसल्या.

सगळं सुरळीत झालं असतं, पण हळदीच्या दिवशी नवरीच्या मावश्यांनी नवरीच्या आईलाही सोडलं नाही. गालाला, मानेला आणि शेवटी थेट डोक्यावर हळद थापली. मी महाडला पोरांचे कपडे भरत होते तेवढ्यात फोन वाजला.

"धुवायला लागलं गो! दोनदा धुतलं! पाणी तांबूस आलं. सगळा गेला असंल!"

"शिकेकाईने धुतलंत?"

"नाय, तुझ्या त्या शाम्पूने. हळद निघेना."

"दोन धुण्यांत सगळा जात नाही, वहिनी. थोडा उतरला असेल. आरशात बघा."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग अगदी बारीक आवाज आला, "हाय अजून."

लग्न पोलादपूरला हायवेजवळच्या हॉलमध्ये होतं. मे महिना होता. अक्षता पडल्या, जेवणं उरकली आणि बायका पंख्याखाली जमल्या. वहिनींनी आंबाड्यावर गजरा घातला होता आणि भांग जरासा पदराखाली ठेवला होता. विहीणबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. घामाने केस चिकटून त्यांच्या स्वतःच्या भांगातली पांढरी रेघ चांगलीच उघडी पडली होती.

"यांच्याकडे बघा," विहीणबाई जमलेल्या बायकांना म्हणाल्या. "रंगाचा स्पर्श नाही. आणि मी? महिन्यापूर्वी रंगवले, लग्नाच्या गडबडीत पुन्हा जमलं नाही, नि आज हे असं. मला तर यांच्या शेजारी फोटोला बसायची लाज वाटते बाई."

हे त्या हसत म्हणाल्या, पण शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा हात भांगावर गेला. वहिनींनी ते पाहिलं. मीही पाहिलं. मला वाटलं, आता वहिनी आंबाडा सोडून पुन्हा बांधतील.

त्यांनी पदर मागे सारला. "लाज कसली, विहीणबाई? हा बघा. हा नि हा. आणि ही बट. सगळे रंगवलेले हायत."

बायका पुढे झुकल्या.

"हिने लावलाय," वहिनींनी माझ्याकडे बोट केलं. "कच्चा रंग. धुतला की जातो. साखरपुड्याला मी बोलले ते तेव्हा खरं होतं. आता नाय."

मग विहीणबाई इतक्या जोरात हसल्या की पलीकडे पान लावत बसलेले भावोजी वळून बघायला लागले.

"म्हणजे ती तीट नव्हती तर!" भावोजी तिथूनच म्हणाले.

"तुम्ही पान खा!" वहिनी ओरडल्या.

विहीणबाईंनी माझा दंड धरला. "आणि तू मला एवढी वर्षं पक्का लावतेस? मला का नाही हा कच्चा?"

"तुमचे निम्मे पांढरे आहेत, काकू. याने झाकले जाणार नाहीत, नुसते तांबूस दिसतील. वहिनींचे मोजकेच आहेत म्हणून जमलं."

"मोजकेच," वहिनी समाधानाने म्हणाल्या. कबुली दिली तरी तेवढं सोडायला त्या तयार नव्हत्या.

मग दोघींनी फोटो काढून घेतला, खांद्याला खांदा लावून. विहीणबाईंनी हट्टाने रेघ दिसू दिली आणि वहिनींनी बट पुढे घेतली.

पावसाळ्यापर्यंत वहिनींचा रंग उतरत उतरत गेला. कुठे रेघ नाही, कुठे डाग नाही. एक दिवस त्या बाजाराला आल्या तेव्हा बट पुन्हा पांढरी झालेली होती. मी ब्रश काढायला लागले, तर म्हणाल्या, "राहू दे. गणपतीला लाव. तोवर जरा दिसू दे."

"का हो?"

"गावातल्या बायका विचारतात, रंग गेला की रेघ राहते काय? त्यांना दाखवायला नको?" असं म्हणून त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या आणि पाय वर घेतले. "तोवर भुवया कर. पण दुखलं तर बघ हां."