खिशातले फ्यूज

चूक माझी होती आणि ती मी जोडीदारावर ढकलली. एका राइस मिलमध्ये आम्ही दोघे वायरमन. पॅनेलचा मेन स्विच मी बंद केला, मोटरच्या तीन टोकांना मीटर लावला आणि म्हणालो, "बंद आहे, घाल हात." मोटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलच्या बारीक वायरी मी तपासल्याच नाहीत. त्यांत शेजारच्या, धान्य वर चढवणाऱ्या एलेव्हेटरच्या पॅनेलमधून करंट येत होता. जोडीदाराचा उजवा तळहात भाजला. मालकाने विचारलं तेव्हा मी म्हणालो, यानंच घाई केली. त्याचं काम गेलं, माझं राहिलं.

पुढे ती मिल बंद पडली आणि मी गोंदियातल्या दुसऱ्या मिलमध्ये मुलाखतीला गेलो. घरी दुसरी कमाई नव्हती. सुपरवायझरने आधी तोंडी विचारलं: माणूस करंटला चिकटला तर काय करशील? आधी सप्लाय तोडीन, त्याला हात लावणार नाही, असं सांगितलं. मग तो पॅनेलपाशी घेऊन गेला. मोटर स्टारमध्ये, म्हणजे कमी जोरावर, सुरू व्हायची, पण डेल्टावर, म्हणजे पूर्ण जोरावर, जात नव्हती. त्याने मेन स्विच पाडला. "हं, लाग कामाले."

कोणी परत चालू करू नये म्हणून मी पॅनेलचे तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले. मीटर बरोबर दाखवतो का ते चालू बोर्डावर तपासून घेतलं आणि एकेक टोक बघू लागलो.

"काऊन रे, माझ्यावर भरोसा नाही? मी बंद केला ना?"

"भरोसा आहे साहेब. पण हात माझा आहे."

बाजूचे हमाल हसले. कोणी म्हणालं, मिस्त्री डरपोक दिखता है. मी कंट्रोलच्या टोकांना मीटर लावला. दोनशे तीस व्होल्टच्या आसपास. वायरीचा माग काढला, इथेही करंट एलेव्हेटरच्या पॅनेलमधूनच येत होता.

"एलेव्हेटरचाही फ्यूज काढा, नाहीतर मी हात लावत नाही. नोकरी देऊ नका."

 सुपरवायझरने स्वतः जाऊन तो फ्यूज काढला आणि माझ्या हातात दिला. मी पुन्हा मोजलं, चालू बोर्डावर मीटर पुन्हा तपासला, मगच हात घातला. मोटर डेल्टावर नेणारा टायमर गेला होता. नवा बसवला, फ्यूज लावले, मोटर डेल्टावर गेली.

"कंट्रोल तपासायचं कुठं शिकला?"

आयटीआयत, म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मी सगळं सांगितलं, मालकासमोरच्या खोट्यासकट.

"हे सांगून नोकरी मागून राहिला तू?"

"हो. विचारलं तर पुन्हा सांगीन."

त्याने सोमवारपासून यायला सांगितलं. म्हणाला, ज्याच्याजवळ बोलायचं, त्याच्याजवळ बोलला का?

रविवारी जोडीदाराच्या गावी, दवनीवाड्याला गेलो. जोडीदार अंगणात जाळं विणत होता, सुई डाव्या हातात. मी उभ्यानेच बोललो, "घाई तू केली नव्हती गा. बंद आहे असं मी म्हटलं, अन् मालकाजवळ खोटं बी मीच बोललो. मले माफ कर."