अर्ध्या तोळ्याचा दसरा

सोळा वर्षांनंतर लागणाऱ्या सोन्याचा हिशेब मी त्या दिवशीच्या भावाने केला. नुसता केला नाही, खाली लपेटदार सही ठोकली आणि तारीखही टाकली.

मी तेव्हा अंकुशनगरच्या साखर कारखान्यात ऊस विभागात कारकून होतो. दिवसभर गाड्यांची वजनं मांडायची, टनाला रुपयांनी गुणायचं. त्यामुळे वसाहतीत कुणाला काही आकडेमोड लागली की लोक माझ्याकडे येत, आणि मीही डॉक्टरने नाडी बघावी तशा चेहऱ्याने पेन्सिल हातात घेई. १९९० च्या दसऱ्यानंतर असंच एक गिऱ्हाईक आलं. माझी बायको. सातवी पास, माहेर केदारखेडा, कडेवर चार वर्षांची आमची पोरगी.

"हिच्या लग्नाला आठ तोळे लागतील," ती म्हणाली. "महिन्याला किती बाजूला टाकायचं, सांगा."

आठच तोळे का, हे मला माहीत होतं. आमच्या लग्नात ती मांडवात आली तेव्हा अंगावर बरंच सोनं होतं. पण त्यातली एक तोळ्याची पोत तेवढी तिची, तिच्या वडिलांनी, आण्णांनी, घेतलेली. बाकी सगळं तिच्या मावशीचं, मांडवापुरतं मागून आणलेलं. सोळा पातळ बांगड्या, गळ्यातलं, कानातलं. तिसऱ्या दिवशी मावशीचा मुलगा येऊन पुरचुंडी बांधून घेऊन गेला. नव्या नवरीने सासूसमोर एकेक बांगडी उतरवून दिली. सात वर्षांनी तिने एवढंच म्हटलं, की हिच्या अंगावर चढंल ते परत उतरायला नको.

मी कागद घेतला. त्या दसऱ्याला दहा ग्रॅमच्या तोळ्याचा भाव होता बत्तीसशे. आठ तोळ्यांचे पंचवीस हजार सहाशे. सोळा वर्षांचे महिने एकशे ब्याण्णव. भागले. एकशे तेहतीस रुपये. सही, तारीख.

तिने कागद उलटसुलट पाहिला. "माझी पोत कितीला घेतल्ती आण्णांनी?"

"अठराशेला."

"सात वर्षांत अठराशेचे बत्तीसशे झाले. आन् आता सोळा वर्षं भाव काय तुमची वाट बघत उभा राहणार हाय का?"

मी म्हणालो, की मला ते माहीत होतं, हा फक्त कच्चा हिशेब. ऑफिसातून लॉगरिदमचं जुनं पुस्तक आणलं. अठराशेचे सात वर्षांत बत्तीसशे म्हणजे दर साल शेकडा साडेआठच्या आसपास वाढ. तिला सांगितलं.

"दहा धरा," ती म्हणाली. "जास्त धरलं तर उरंल. कमी धरलं तर कुनापुढं हात पसरायचा?"

दहा धरले. बत्तीसशेला सोळा वेळा दहा टक्क्यांनी फुगवलं, की सोळाव्या दसऱ्याला तोळा होतो चौदा हजार सातशेचा. आठ तोळ्यांचे एक लाख साडेसतरा हजार. महिन्याला सहाशे तेरा. माझा पगार तेव्हा दीड हजार होता. मी कागद तिच्यापुढे ठेवला आणि खिन्नपणे सांगितलं, की आठ तोळ्यांचे तीन कर.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने विचारलं, "हा सोळाव्या वर्षाचा भाव, मंग मी पहिल्या वर्षापासून का भरू? सगळं सोनं शेवटालाच घ्यायचं आसं कुनी सांगितलं? दर दसऱ्याला अर्धा तोळा घेऊ. ज्या सालचा त्या सालचा भाव. सोळा दसरे, आठ तोळे. बराबर का न्हाई?"

बराबर होतं. बिलकुल बराबर होतं. मी तिसरा कागद घेतला आणि या वेळी सही केली नाही.

पुढच्या दसऱ्याचा भाव दहा टक्के चढून पस्तीसशे वीस. अर्ध्या तोळ्याचे सतराशे साठ. बारा महिन्यांनी भागले की एकशे सत्तेचाळीस. दुसऱ्या वर्षी एकशे एकसष्ट. पाचव्या वर्षी दोनशे पंधरा. असं दर वर्षी दहा टक्क्यांनी चढत चढत सोळाव्या वर्षी बरोबर सहाशे तेरा. म्हणजे माझे आधीचे दोन आकडे असे निघाले: पहिला पहिल्या वर्षालाही पुरत नव्हता आणि दुसरा फक्त शेवटच्या वर्षाचा होता. पगारही दर वर्षी थोडा वाढतो, हे तिने धरलं होतं. लॉगरिदमच्या पुस्तकात ते नव्हतं.

तो तक्ता तिने कपाटाच्या दाराला आतून भाताच्या खळीने चिकटवला. पगाराच्या दिवशी त्या वर्षाचा आकडा एका तुपाच्या रिकाम्या डब्यात जाई. त्यानंतर घरभाडं, किराणा आणि मग मी. दसऱ्याला आम्ही एसटीने जालन्याच्या सराफ्यात जात असू आणि डबा रिकामा करून वेढणी घेत असू. वेढणी म्हणजे चोख सोन्याच्या तारेचं नुसतं वेटोळं. त्याला घडणावळ फारशी नाही, मोडताना घट नाही. पहिल्या वर्षी मी म्हणालो होतो की त्यापेक्षा पोरीला कानातले घेऊ, दिसायला तरी छान. सराफ हसला आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "ताई, तुम्ही बोला."

एक गोष्ट तिने पहिल्यापासून पाळली. ब्याण्णव साली भाव तक्त्यापेक्षा वर निघाला. डब्यात एकोणीसशे बत्तीस होते, त्यात साडेचार ग्रॅम बसलं. मी म्हणालो, उधार घेऊ अर्धा ग्रॅम. ती म्हणाली, नको. डब्यात जेवढे तेवढंच. घरी येऊन तक्त्यावर पेन्सिलीने लिहिलं, अर्धा ग्रॅम बाकी.

मग आलं अठ्ठ्याण्णव साल. आणि माझी कीर्ती.

त्या दसऱ्याला तिच्या भावाकडे काही कार्य होतं म्हणून ती माहेरी गेल्ती. जालन्याला मी एकटा. खिशात त्या वर्षीचे चौतीसशे तीस रुपये, महिना दोनशे शहाऐंशीच्या आसपास. तक्ता सांगत होता की भाव असेल सहा हजार आठशे साठ. आणि सराफाच्या पाटीवर होते चार हजार शंभर! गेली दोन-तीन वर्षं भाव घसरतच चालला होता, पण इतका फरक मी प्रथमच पाहिला. योजना काय, दर दसऱ्याला अर्धा तोळा. मी अर्धा तोळा घेतला. दोन हजार पन्नास. राहिले तेराशे ऐंशी. ते काही योजनेत नव्हते, म्हणजे ते नफ्यात होते, असा मी सराफ्यातून बाहेर पडेपर्यंत निकाल लावला.

शेजारणीकडे मिक्सर आल्यापासून बायको तिच्या भिंतीला कान लावून उभी असे. आमच्याकडे पाटा-वरवंटा. मी साडेतेराशेचा मिक्सर घेतला. तीन भांडी, पांढरा, पोटावर लाल बटण. एसटीत मांडीवर घेऊन आलो. वाटेत प्रत्येकाला सांगितलं की बायकोला चकित करून राह्यलो.

ती झाली. दुसऱ्या दिवशी माहेरून आल्या आल्या मिक्सरकडे पाहिलं, वेढणी तळहातावर घेऊन पाहिली. पोरगी बारा वर्षांची होती, तिने तोपर्यंत शेंगदाण्याचं कूट करायला भांडं पुसून ठेवलं होतं.

"डब्यातले किती देले सोन्याला?"

"अर्ध्या तोळ्याचे. योजनेप्रमाणं."

"आन् हा?"

"वरच्या पैशातून. भाव पडलाय, आपल्याला फायदा झाला."

ती खाली बसली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "आहो, योजना अर्ध्या तोळ्याची न्हाई, डब्याची हाय. ब्याण्णवला भाव चढला तवा अर्धा ग्रॅम कमी आलं. ते तुम्ही भरून देलं का? भाव चढंल तवा डबा कमी देणार, पडंल तवा जास्त देणार. पडल्यावर जास्तीचं घेतलं न्हाई, तर चढल्यावरची तूट कशातून काढू? हे वरचे पैसे वरचे न्हाईत. पोरीचेच हायेत."

मी म्हणालो, "पण तुला मिक्सर आवडतो ना?"

"लई आवडतो," ती म्हणाली. "उद्या नेऊन द्या."

पोरीने भांडं परत खोक्यात ठेवलं. सकाळच्या एसटीत मांडीवर तेच खोकं. परवाच्याच कंडक्टरने विचारलं, "काय, चकित झाल्या का?" दुकानदाराने खोकं उघडलं म्हणून पन्नास कापले. तेराशे तीस घेऊन मी सराफाकडे गेलो. त्याने तीन ग्रॅमच्या वर थोडं सोनं तोलून दिलं आणि एवढंच विचारलं, "ताईंनी पाठवलं ना?"

त्या दिवसापासून मी तक्त्याकडे नीट पाहायला लागलो. पुढची चार वर्षं भाव चार-पाच हजारांच्या आसपासच घोटाळत होता आणि डबा मात्र तक्त्याप्रमाणे दर वर्षी दहा टक्क्यांनी चढत होता. अर्ध्याच्या ठिकाणी पाऊण तोळा, मग तोळ्याच्या आसपास. मी दोन-तीनदा सुचवलं की आता महिन्याचा आकडा थोडा कमी करू. तिने उत्तर म्हणून कपाटाचं दार उघडून ठेवलं. २००२ च्या दसऱ्याला, म्हणजे बाराव्याच दसऱ्याला, सराफाने सगळ्या वेढण्या एकत्र तोलल्या. आठ तोळे आणि वर साडेचार ग्रॅम. चार वर्षं अगोदर.

मला वाटलं ती पुढेही घेत राहील. सवय लागली होती, आणि मला तर आता दहा तोळ्यांची स्वप्नं पडत होती. तिने तक्ता कपाटावरून ओला करून काढला. "आठ म्हनलं, आठ झाले. आता डबा हिच्या कॉलेजचा." पुढच्या महिन्यापासून तीच रक्कम फीला जाऊ लागली. पहिल्या महिन्यात मात्र तिने थोडे वेगळे काढले, सणाचे साठवलेले काही घातले आणि एक मिक्सर आणला. पांढराच. लाल बटणाचा.

पोरीचं लग्न २००६ ला झालं. तोपर्यंत भाव नऊ हजारांच्या घरात गेला होता, आणि त्या सालच्या तक्त्यात आम्ही चौदा हजार सातशे धरले होते. म्हणजे दहा टक्के हा अंदाजच चुकला. चूक नेमकी ज्या बाजूने व्हावी असं तिला वाटत होतं, त्याच बाजूने झाली, हे मी आता अभिमानाने सांगतो. मला ते कळायला सोळा वर्षं लागली.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी व्याही जेवायला आले. पोरीच्या हातात बांगड्या होत्या, गळ्यात हार होता, आणि ते उतरवून न्यायला कुणीही आलेलं नव्हतं. बायको वाढता वाढता एकदाच तिच्या हाताकडे पाहून गेली. मी रंगात आलो. व्याह्यांना सांगायला लागलो, शेकडा वाढ म्हणजे काय, लॉगरिदम म्हणजे काय, आपण सोळा वर्षांपूर्वी बसून कसा एकेक महिन्याचा आकडा काढला.

व्याही माना डोलावत होते. पोरीने त्यांच्या पानात चटणी वाढली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या हिशेबानं चाललं असतं, तर मी आज गळ्यात मिक्सर घालून बसले असते."