कोरम मोजला ते वर्ष

शिरूरच्या आमच्या सोसायटीत वार्षिक सभा म्हणजे दहाएक माणसं, चहा आणि पारले बिस्किटं. नंतर सेक्रेटरी हजेरीचं रजिस्टर काखेत मारून दारोदार हिंडायचे आणि गैरहजरांना कागदावर हजर करून घ्यायचे. कोरम कोणाच्या बापाने मोजला नव्हता.

त्या वर्षी मोजला. आईला अर्धांगवायू झाला, ती चाकाच्या खुर्चीवर आली आणि गेटमधल्या चार पायऱ्यांनी तिचं बाहेरचं जग बंद केलं. मी रॅम्पसाठी लेखी अर्ज दिला. सभेच्या नोटिशीत तो सहावा विषय म्हणून आला. रॅम्प होणार होता नेमका चेअरमनच्या गाडीच्या जागेवर.

रविवारी दहाला आम्ही नऊ जण. साडेदहाला चेअरमन घड्याळ बघून उठले. वर्षानुवर्षं झोपलेला कायदा त्यांच्या अंगात संचारला होता.

"सभासद चोवीस. कोरमला सोळा पायजेत. सोळा न्हाईत, सभा तहकूब. पुढचं बघू कवातरी."

"आप्पा, नोटिशीची शेवटची ओळ वाचा," मी म्हणालो. "कोरम नसेल तर तहकूब सभा आजच अकराला, इथंच. तिला कोरम लागत नाही."

आप्पांनी सेक्रेटरीकडे बघितलं.

"दरवर्षीची नोटीस हाय आप्पा," ते पुटपुटले. "तारीख तेवढी बदलली."

या शहाण्यांनी स्वतःची नोटीसही वाचली नव्हती! मला उकळ्या फुटल्या.

अकराला सभा बसली. पहिला विषय, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. दरवर्षी 'वाचलं असं समजू' म्हणतात. मला जोर चढलेला. म्हणालो, "समजू नका. अक्षर अन् अक्षर वाचा."

सेक्रेटरींनी वाचलं. तळमजल्यावरच्या गुरुजींनी गुडघ्यांमुळे गेटला रॅम्प मागितला होता. गरज नसल्याने मागणी सर्वानुमते फेटाळली. मग हजर सभासदांची नावं. चौथं माझं.

दाढीचा फेस गालावर असताना दारात उभ्या उभ्या केलेली सही मला आठवली. वर काय लिहिलंय ते मी बघितलंही नव्हतं. गुरुजी चार महिने घरात कोंडून राहिले आणि शेवटी फ्लॅट विकून केडगावला लेकीकडे गेले. माणूस हेकट, शेजार सोडून गेला, असं मीच सगळ्यांना सांगत होतो.

"इतिवृत्त कायम करायला कुणाची हरकत?" आप्पांनी माझ्याकडेच बघून विचारलं.

हरकत घ्यायची तर मी तिथे नव्हतो हे सांगावं लागणार होतं, आणि सही खोटी हेही. मला स्वतःची किळस आली. तरी मी मान खाली घालून गप्प बसलो. इतिवृत्त सर्वानुमते कायम झालं.

सहाव्या विषयाला आप्पा सोडून सगळ्यांनी हात वर केले. आता आई रोज संध्याकाळी त्या रॅम्पवरून बाहेर जाते. गुरुजींचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.